दोनदा मिचकावलेले डोळे

आपल्याच कथेचे वकीलपत्र लेखकाने घेऊ नये, ती एकदा छापून झाली की वाचकांच्या हवाली करावी आणि आपण बाजूस व्हावे, हा वाङ्मयव्यवहारातला संकेत मला मान्य आहे आणि आजवर मी तो पाळीतही आलो आहे. तथापि माझ्या ‘पोच’ या कथेवर एका व्यासंगी समीक्षकांनी जे आक्षेप नुकतेच घेतले, त्यांतले निम्मे वस्तुस्थितीविषयीचे आहेत. आणि अभिरुचीच्या वादात मौन हा विनय मानला जात असला, तरी वस्तुस्थितीच्या वादात त्याचीच कबुली होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांच्या वाचनात ती कथा आलेली नाही त्यांच्यासाठी तिची हकीकत थोडक्यात सांगतो. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या सेवा केंद्राच्या खिडकीपुढे, जून महिन्यातल्या एका दुपारी, नुकतीच दहावी उत्तीर्ण झालेली मुक्ता आपल्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आजोबांना घेऊन उभी आहे. तिला अकरावीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढावयाचा आहे; आणि सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकुनी करून निवृत्त झालेल्या आबांना आपल्या हयातीचा दाखला द्यावयाचा आहे. खिडकीतल्या यंत्रावर आबांच्या बोटांचे ठसे जुळत नाहीत, केंद्रचालक तरुण ‘पुढचे या’ म्हणून हाक देतो, तेव्हा मुक्ता आबांना खिडकीलगतच्या कट्ट्यावर बसविते आणि स्वतःच्या मोबाइलवर त्यांचा अर्ज भरू लागते. अर्ज भरून होतो, संदेश येतो, मुक्ता ‘झालं’ म्हणते, आणि आबा ‘झालं नाही’ म्हणतात. कथा एवढीच आहे.

समीक्षकांचा पहिला आक्षेप असा की, हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावयाचा असतो हे सर्वश्रुत असताना लेखकाने तो भर जूनमध्ये देवविला, आणि केवळ दाखल्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्यांची गर्दी चित्रात हवी म्हणून सरकारी रिवाजच बदलून टाकला. आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो, कारण सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्यांच्या बाबतीत नोव्हेंबरचा रिवाज खराच आहे. परंतु आबा सरकारी नोकर नव्हते. कारखान्यातल्या, गिरणीतल्या, एस.टी.तल्या कामगारांना भविष्य निर्वाह निधीच्या संघटनेमार्फत जे निवृत्तिवेतन मिळते, ते १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेल्या निराळ्या योजनेखाली मिळते, आणि त्या योजनेच्या निवृत्तांना हयातीचा दाखला वर्षातल्या कोणत्याही दिवशी देता येतो. ज्या दिवशी तो दाखल होईल त्या दिवसापासून बारा महिने त्याची मुदत चालते. आबांनी मागल्या साली तो जूनमध्ये दिला होता, सबब या साली त्यांची मुदत जूनमध्येच सरत होती. कथेच्या दुसऱ्याच परिच्छेदात प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघणाऱ्या कागदावर त्या योजनेचे नाव आहे आणि दरमहा मिळणारी रक्कमही आहे : एक हजार चारशे बारा रुपये. या योजनेतले किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपये आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती रक्कम वाचताच आबा कोणत्या रांगेतले हे कळावे अशी माझी अपेक्षा होती. सरकारी निवृत्तिवेतनाचा आकडा असा नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गमतीचा आहे. आबांचे डोळे मिचकावण्याचा प्रसंग कथेत लागोपाठ दोनदा आला आहे. ही मुद्रितशोधकाची नसून लेखकाचीच अनवधानता आहे, आणि एक प्रसंग गाळल्यास कथेची काही हानी होणार नाही, असे समीक्षक म्हणतात. येथे मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

हयातीचा दाखला संगणकामार्फत देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा मुख्य भरवसा बोटांच्या ठशांवर होता. वार्धक्यात कातडी कोरडी पडते, तिची लवचिकता जाते, आणि ज्याने निवृत्तीनंतरही वीस गुंठ्यांत खुरपे चालविले आहे त्याच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजतात, की यंत्राला तुलना करण्याजोगे फारसे काही उरतच नाही. खिडकीतला तरुण मग ओले फडके देतो, बोट पुसावयास लावतो, ‘जोरात दाबा’ म्हणतो, ‘आता हलकं ठेवा’ म्हणतो, अंगठ्यावरून तर्जनीवर आणि उजव्या हातावरून डाव्या हातावर येतो. हे सर्व त्या कथेत आहे आणि त्याविषयी समीक्षकांची तक्रार नाही. या अडचणीवरच तोड म्हणून नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सवलत मिळाली. परंतु चेहरा तर छायाचित्राचाही असतो, आणि मृत माणसाचे छायाचित्र मोबाइलपुढे धरून त्याची हयाती सिद्ध करणारे वारस या देशात निघणारच नाहीत अशी हमी कोण देणार? म्हणून समोरचा चेहरा जिवंत आहे याची खूण म्हणून यंत्र त्याला डोळे मिचकावण्यास सांगते.

आता दोनदा का, ते पाहू. या सोयीत अर्जदाराच्या आधी अर्ज भरून घेणाऱ्याची, म्हणजे चालकाची, ओळख पटवावी लागते. त्याचाही चेहरा टिपला जातो, आणि मगच निवृत्ताची पाळी येते. चालक म्हणून दुसरा कोणी पाहिजेच असे मात्र नाही. निवृत्त माणूस स्वतःच स्वतःचा चालक होऊ शकतो. मुक्ता तेच करते. आबांना ती रस्त्याकडे तोंड करून बसविते, कारण पाठीशी ऊन असले की पडद्यावर चेहरा काळवंडतो, मागे डोकावणाऱ्या दोन पोरांना हाताने दूर सारते, आणि म्हणते, “आबा, आता तुम्ही ऑपरेटर. मिचकवा.” आबा मिचकवतात. “आता तुम्ही पेन्शनर. परत मिचकवा.” यावर आबा विचारतात, “म्हंजे ह्या इसमाला मी वळखतो, असं मीच लिहून द्यायचं?” जन्मभर साक्षीदाराच्या सहीशिवाय कागद पुरा न मानलेल्या माणसाला स्वतःचा साक्षीदार स्वतःच होण्याचा हा जो चमत्कारिक योग आला आहे, त्यातले हसू आणि त्यातले एकटेपण हाच त्या पानाचा विषय आहे. एक मिचकावणे गाळा असे सांगणे म्हणजे अर्जातला एक सक्तीचा रकाना कोरा सोडा असे सांगणे होय, आणि मग तो अर्ज पुढे सरकणार नाही.

तिसऱ्या आक्षेपात समीक्षक वस्तुस्थितीची भूमी सोडून कलाशास्त्रात शिरतात. अर्ज भरणे ही घटना आहे, कथानक नव्हे. या कथेत काही घडतच नाही. तिला फार तर प्रसंगचित्र म्हणता येईल, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ना. सी. फडक्यांनी कथेच्या तंत्राचा जो आग्रह धरला होता, त्यात पेच, उत्कंठा आणि अखेरची उकल यांवाचून कथा संभवत नव्हती, हे खरे. परंतु त्या आग्रहाला गाडगीळ, गोखले, भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे जे उत्तर दिले, ते देऊनही आता पाऊण शतक लोटले, आणि तो निकाली निघालेला दावा पुन्हा दाखल करून घेण्यास कोणते नवे कारण घडले आहे ते मला कळत नाही. शिवाय, खरे सांगावयाचे तर, या कथेच्या बाबतीत मला त्या नवकथाकारांच्या आश्रयाला जाण्याचीही गरज वाटत नाही. मुदत घातलेला ओटीपी, मागे खोळंबलेली रांग, आणि एक रकाना चुकला तर आरंभापासून पुन्हा भरावा लागणारा अर्ज, हा पेच फडक्यांनाही पसंत पडला असता!

पण कथा खरोखर जेथे आहे, ती जागा समीक्षकांच्या नजरेतून सुटली आहे असे मला दिसते. त्या अर्जात, निवृत्त माणसाने पुन्हा नोकरी धरली आहे काय, आणि पुनर्विवाह केला आहे काय, असे दोन प्रश्न सर्वांनाच विचारलेले असतात. दुसरा प्रश्न वस्तुतः पतीच्या किंवा पत्नीच्या पश्चात मिळणाऱ्या कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी महत्त्वाचा आहे, कारण तेथे पुनर्विवाहाने हक्कात फरक पडू शकतो. परंतु नमुना सर्वांना एकच असल्यामुळे तो आबांपुढेही येतो. आजी वारल्याला त्या दिवशी आठ महिने झालेले आहेत. मुक्ता तो प्रश्न वाचते, मोठ्याने न वाचताच त्यापुढे ‘नाही’ अशी खूण करते आणि घाईने पुढच्या रकान्यावर जाते. आबांच्या ध्यानात ती घाई येते.

“काय इचारलंय?”

“काही नाही, आबा. असंच.”

“इचारलंय ते वाच.”

ती वाचते. रांगेतली बाई कडेवरच्या मुलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते, एवढा वेळ जातो. मग आबा म्हणतात, “न्हाई म्हणून लिही. आन् कारखान्यात परत घेतलंय का म्हणून इचारलं असंल, तर तेबी न्हाईच.” समीक्षक म्हणतात की या कथेत काही घडत नाही. पंधरासोळा वर्षांच्या मुलीने आजोबांना एका प्रश्नापासून वाचविण्याचा प्रयत्न केला आणि आजोबांनी आपल्या अर्जावरचा आपला अधिकार तिच्याकडून परत घेतला, याला घडणे म्हणावयाचे नसेल तर मी निरुत्तर आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. समीक्षकांच्या मते, सबंध कथाभर अर्ज मुलीने भरावयाचा आणि अखेरीस मात्र म्हाताऱ्याने तिची चूक काढावयाची, ही वृद्ध वाचकांची खुशामत आहे. ज्याला पडद्यावरचा एक शब्द आपण होऊन उमटविता येत नाही, त्याला त्या व्यवहारातली चूक कळते हे असंभाव्य आहे. आणि लेखकाने हे शहाणपण त्याच्या पदरात बळेच घातले आहे.

या आक्षेपाच्या मुळाशी एक समजूत आहे, आणि ती केवळ या समीक्षकांची नाही. सेवा केंद्राच्या खिडकीतल्या तरुणाची तीच आहे, बँकेतल्या साहेबांची तीच आहे, आणि कथेच्या आरंभी मुक्ताचीही तीच आहे. ती समजूत अशी की, अर्ज भरणे म्हणजे मोबाइल चालविणे. वास्तविक मोबाइल चालविणे हे त्या कामातले बोटांचे काम झाले. अर्ज कोणाकडे जातो, त्याने तो स्वीकारला हे कशावरून समजावयाचे, आणि नाकारला तर निरोप कोणाच्या हाती पडेल, या प्रश्नांचे ज्ञान निराळे असते, आणि ते आबांजवळ एकतीस गळीत हंगामांचे साठलेले आहे. 

वजनकाट्याचे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उसाने भरलेली गाडी काट्यावर येते, तिचे भरलेले वजन होते आणि त्याची नोंद पडते. गाडी गव्हाणीकडे जाते, ऊस उतरविते, आणि रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते. मग तिचे मोकळे वजन होते. पहिल्या वजनातून दुसरे वजा केले म्हणजे ऊस किती ते ठरते, आणि तेव्हाच शेतकऱ्याच्या खात्यावर टनभार चढतो. गाडीवान पहिल्याच वजनाचा आकडा ऐकून आनंदाने घरी निघून गेला तर त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. नवख्या गाडीवानांना हे समजावून सांगण्यात आबांची निम्मी उमर गेली.

मुक्ताच्या अर्जात नेमके हेच घडते. अर्ज पुरा होताच संदेश येतो आणि त्यात प्रमाण-आयडीचा क्रमांक असतो. तो मुक्ताच्या मोबाइलवर येत नाही, आबांच्या बटणांच्या फोनवर येतो, कारण संपर्काचा क्रमांक म्हणून ती स्वतःचा क्रमांक घालू लागली असता आबांनी तिला अडविलेले असते : “सांगावा माझ्या नावचा, तर तो माझ्या दारात येऊ दे.” समीक्षकांना हा हेकटपणा वाटला. खिडकीवर गडबडीत ज्याच्या त्याच्या क्रमांकावर अर्ज भरले जातात, आणि पुढे दाखला नाकारल्याचा संदेश भलत्याच फोनवर जाऊन पडतो, नि निवृत्ताला ते कळते ते एखाद्या महिन्यात बँकेच्या पुस्तकात रक्कम दिसली नाही म्हणजे. आबांना हा तपशील ठाऊक नाही. टपाल आपल्या पत्त्यावर यावे एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक आहे, आणि येथे तेवढे पुरते.

तर क्रमांक येतो आणि मुक्ता ‘झालं, आबा’ म्हणते. क्रमांक मिळणे म्हणजे दाखला तयार झाला, एवढेच; निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाने तो स्वीकारला असा त्याचा अर्थ होत नाही, आणि तपशील जुळला नाही तर ते कार्यालय तो नाकारू शकते. आबांना ‘जीवन प्रमाण’ची ही रचना कोणी समजावून दिलेली नाही. ते म्हणतात, “हे भरल्या गाडीचं वजन झालं. मोकळ्या गाडीचं कुठाय? नक्कल काढ.” क्रमांकावरून दाखल्याची नक्कल उतरवून घेता येते, मुक्ता ती घेते, खिडकीतला तरुण नाखुशीने छापून देतो, आणि आबा कट्ट्यावर आपल्या पिशवीतला निवृत्तिवेतनाचा जुना आदेश एका मांडीवर व नवी नक्कल दुसऱ्या मांडीवर पसरून, एकेका ओळीवर बोट ठेवीत, रुजवात घेऊ लागतात. नाव जुळते. आदेशाचा बारा आकडी क्रमांक जुळतो. खाते जुळते. निवृत्तिवेतन देणारी संस्था या ओळीवर बोट थांबते. जुन्या आदेशाच्या माथ्यावर भविष्य निर्वाह निधीचे नाव आहे. नव्या कागदावर बँकेचे. मुक्ताने बँक निवडली, कारण पैसे बँकेत येतात. सोळा वर्षांच्या मुलीने यापेक्षा निराळा तर्क करावा तरी का? परंतु बँक ही या व्यवहारातली केवळ गव्हाण आहे, काटा दुसरीकडे आहे. चुकीच्या दफ्तरात गेलेला दाखला आपोआप योग्य दफ्तरात येत नसतो. नवा अर्ज करावा लागतो, म्हणजे आबांना आणखी दोनदा डोळे मिचकवावे लागतात.

हे असंभाव्य आहे काय? आबांनी पडद्यावरची चूक पडद्यावर ओळखली असती तर ते असंभाव्य ठरले असते, आणि मी तसे लिहिलेले नाही. त्यांनी ती कागदावर, दोन कागद शेजारी ठेवून, आपल्या पूर्वीच्या पेशाच्या रीतीने ओळखली. कारखान्याच्या दफ्तरात इंग्रजी मोठी अक्षरे वाचीत ज्याची हयात गेली, त्याला एका ओळीतला फरक दिसावा यात नवल ते कसले? खुशामत तर मी आबांचीही केलेली नाही. ओटीपीचे आकडे त्यांनी भर गर्दीत खड्या आवाजात वाचून दाखविले आहेत, आणि “हळू, आबा, हा कुणाला सांगायचा नसतो” असे मुक्ताला म्हणावे लागले आहे. काट्यावरचे वजन मोठ्याने पुकारावयाचे असते. त्या सवयीने येथे घात केला असता. एकाच माणसाची एक सवय त्याला तारते आणि दुसरी बुडवू पाहते, हे मला त्या कथेत दाखवावयाचे होते, आणि त्यातला सोयीचा तेवढाच अर्धा भाग उचलून त्यावर खुशामतीचा आरोप ठेवणे न्यायाचे नाही.

ही पिढी गेली म्हणजे हा विषयही संपेल, म्हणून कथा अल्पायुषी आहे, असाही एक शेरा लेखाच्या शेवटी आहे. अर्जांचे नमुने आजवर किती वेळा बदलले आणि प्रत्येक बदलासरशी कालचे जाणते आज खिडकीपुढे कसे अडखळले, हे कचेरीची पायरी चढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मुक्ताही एके दिवशी सत्त्याहत्तर वर्षांची होईल.

राहता राहिला एक आक्षेप, आणि तो मला मान्य आहे. केंद्रचालक तरुणाला मी कथेत मोजकीच वाक्ये दिली आहेत आणि ती तिरसट आहेत. ज्याला प्रत्येक अर्जामागे थोडकी रक्कम मिळते, ज्याच्या खिडकीवर जूनच्या त्या आठवड्यात उत्पन्नाच्या, जातीच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी सकाळपासून माणसे उभी आहेत, आणि जो एका म्हाताऱ्याच्या दहा बोटांवर पाव तास घालवितो तेव्हा मागची रांग त्यालाच बोल लावते, त्या मुलाला न्याय देण्याची जबाबदारी मी टाळली, हे समीक्षकांनी अचूक हेरले आहे. कथासंग्रह निघेल तेव्हा त्याच्यासाठी एक पान नव्याने लिहीन. आबांचे डोळे मात्र त्यातही दोनदाच मिचकतील.